गेलेल्या पीएच्या नावानं परतणारी निमंत्रणं

पुण्यातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीत सहज घडू शकेल असा हा प्रसंग आहे. एका ग्राहकानं संचालकांना मंगळवारी अकराच्या बैठकीचं निमंत्रण धाडलं. संचालकांना ते मिळालंही. पण मिनिटभरात ग्राहकाकडे एक मेल परत आला: अमुक बाईंना पाठवलेला संदेश पोचू शकला नाही. या बाईंना त्यानं काही पाठवलंच नव्हतं. त्यानं फोन करून विचारलं, ‘‘या कोण?’’ त्या होत्या संचालकांच्या पीए. दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या. त्यांचं खातंही आयटी विभागानं रीतसर काढून टाकलेलं.

आयटीवाल्यानं संचालकांच्या आउटलुकमधले सगळे रूल तपासले. कुठलाही मेल पुढे पाठवणारा एकही रूल नव्हता. सहायकांच्या यादीतही बाईंचं नाव नव्हतं. मग त्यानं बाहेरच्या खात्यावरून एक साधा मेल टाकून पाहिला. तो मुकाट पोचला. बैठकीचं निमंत्रण टाकलं, तर लगेच बाईंच्या नावानं बाउन्स. दुखणं कुठं आहे, हे सांगणारी खूण हीच. साधे मेल सुखरूप आणि फक्त निमंत्रणं परत येत असतील, तर गडबड डेलिगेट अॅक्सेसमध्ये असते.

डेलिगेट अॅक्सेस म्हणजे साहेबांनी आपला पासवर्ड न देता पीएला आपल्या मेलबॉक्सचा आणि कॅलेंडरचा कारभार सोपवणं. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये ते एकाच छोट्या खिडकीत होतं. सहायकाचं नाव निवडायचं, कॅलेंडर आणि इनबॉक्ससमोर दर्जा द्यायचा, खाली दोन-तीन चौकोनांत खूण करायची. Reviewer हा दर्जा मिळालेला फक्त वाचतो, Author वाचतो आणि नवं लिहितो, Editor असलेले बदल आणि खोडाखोडही करू शकतो. पाहणाऱ्याला वाटतं, एक परवानगी दिली. प्रत्यक्षात त्या एका खिडकीतून चार वेगळ्या परवानग्या निघतात आणि चार वेगळ्या जागी जाऊन बसतात. भांडणं सुरू होतात ती या चौघींचा मेळ सुटला की.

पहिली असते फोल्डरवर: कोण वाचेल, कोण बदलेल. दुसरी साहेबांच्या वतीनं मेल पाठवण्याची. ती मेलबॉक्समध्ये नसून कंपनीच्या डिरेक्टरीत, साहेबांच्या नोंदीवर लिहिली जाते. तिथं लिहिण्याचा हक्क साहेबांच्या खात्याला नसेल, तर खिडकी बंद करताना ‘हे सेटिंग नीट सेव्ह झालं नाही’ अशी तक्रार येते; फोल्डरच्या परवानग्या मात्र लागू झालेल्या असू शकतात. मग पीए मेल वाचू शकतात, पण उत्तर पाठवायला गेलं की अडतं. तिसरी परवानगी खाजगी नोंदी दिसण्याची. आणि चौथी, बैठकीच्या निमंत्रणाची प्रत पीएकडे जाण्याची. तिच्यासाठी साहेबांच्या इनबॉक्समध्ये एक लपवलेला रूल तयार होतो. नेहमीच्या रूलच्या यादीत तो दिसतच नाही.

पुण्याच्या गोष्टीतलं भूत म्हणजे हा रूल. बाईंचं खातं गेलं तेव्हा डिरेक्टरीतली त्यांची नोंद आपोआप पुसली गेली आणि यादीतलं नावही गेलं. इनबॉक्समधल्या लपलेल्या रूलला मात्र कुणी काही सांगितलंच नाही. तो आपला प्रत्येक निमंत्रण इमानेइतबारे बाईंकडे पाठवत राहिला. पत्ता सापडला नाही की कुरकुर जाई ती मूळ निमंत्रण पाठवणाऱ्याकडे. म्हणूनच हा घोळ घरात कळायच्या आधी ग्राहकाला कळला.

आधी सोपा उपाय करून पाहतात. कुणालाही नवा सहायक म्हणून नेमायचं, सेव्ह करायचं आणि लगेच काढायचं. त्या निमित्तानं रूल नव्यानं लिहिला जातो आणि बऱ्याचदा पीडा टळते. टळली नाही, तर MFCMAPI नावाचं साधन घेऊन इनबॉक्सच्या लपलेल्या नोंदी उघडाव्या लागतात. तिथं Schedule+ EMS Interface या नावाचा रूल सापडतो, तोच खोडायचा. पण तो सगळ्या सहायकांचा मिळून एकच असतो. बाईंच्या जागी नव्या पीए आल्या असतील, तर त्यांचीही निमंत्रणं थांबतात आणि त्यांना पुन्हा नेमावं लागतं. या सगळ्या यातायातीपेक्षा, नोकरी सोडण्याच्या दिवशी आधी साहेबांच्या यादीतून नाव काढायचं आणि मगच खातं बंद करायचं, हा क्रम पाळणं स्वस्त. बहुतेक कार्यालयांत नेमकं उलटं होतं, कारण खातं बंद करणं आयटीच्या यादीत असतं आणि डेलिगेट काढणं कुणाच्याच यादीत नसतं.

वतीनं पाठवण्याचं प्रकरण सरकारी पत्रं वाचणाऱ्यांना पटकन कळेल. वरिष्ठांच्या पत्रावर हाताखालचा अधिकारी सही करतो, तेव्हा पदनामाशी ‘करिता’ असं लिहिलेलं असतं. आउटलुकमधलं Send on Behalf म्हणजे हे ‘करिता’: मेल मिळणाऱ्याला पीएचं आणि साहेबांचं अशी दोन्ही नावं दिसतात. Send As मध्ये ‘करिता’ नाही. मेल थेट साहेबांच्याच नावानं जातो आणि हा अधिकार अॅडमिनच देऊ शकतो. दोन्ही अधिकार एकाच व्यक्तीला दिले, तर Send As वरचढ ठरतं. साहेबांना ‘करिता’ हवं असतं, पण मेल त्यांच्या एकट्याच्या नावानं जात राहतात, आणि असं का होतंय हे कुणाला उमगत नाही.

पाठवलेल्या आणि खोडलेल्या मेलचंही असंच. पीएनं साहेबांच्या वतीनं पाठवलेला मेल, वेगळं सेटिंग नसेल तर, पीएच्या Sent Items मध्ये पडतो. साहेबांच्या इनबॉक्समधून त्यांनी खोडलेला मेलही पीएच्याच Deleted Items मध्ये जातो. महत्त्वाचा मेल गायब झाला म्हणून साहेब आपली कचरापेटी उलटीपालटी करत असतात आणि मेल शेजारच्या टेबलावर सुखरूप असतो.

राहिल्या खाजगी नोंदी. साहेबांनी डॉक्टरांची भेट कॅलेंडरमध्ये घातली आणि ती Private केली, तर पीएला आउटलुकमध्ये ती वेळ भरलेली दिसते, तपशील दिसत नाही. पण ही कडी आउटलुकनं आपल्या बाजूनं लावलेली असते, फोल्डरचं दार उघडंच असतं. ज्याला कॅलेंडर वाचायची परवानगी आहे, तो दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधून ती नोंद वाचू शकतो. यावर विसंबू नका, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. गूगल कॅलेंडरमध्ये तर नोंदी बदलण्याचा अधिकार दिलेल्या व्यक्तीला खाजगी नोंदीही दिसतात.

म्हणून जाणते साहेब अशा नोंदींसाठी एक वेगळं कॅलेंडर ठेवतात आणि ते कुणालाच देत नाहीत. त्यात एक गोम आहे. आउटलुकमध्ये इतरांना आपली मोकळी वेळ दिसते ती मुख्य कॅलेंडरवरून. डॉक्टरांची भेट फक्त वेगळ्या कॅलेंडरमध्ये असेल, तर साहेब जगाला मोकळे दिसतात आणि पीए नेमक्या त्याच वेळेला बैठक लावून टाकतात. तेव्हा मुख्य कॅलेंडरमध्येही तेवढा वेळ अडवावा लागतो, आणि विषयाच्या जागी नुसतं लिहावं लागतं: बाहेर.