मोबाईलची घंटा आणि गाईचा २१ वा दिवस

आपल्या मोबाईलमध्ये आठवणीच्या किती घंटा लावल्या आहेत, ते एकदा मोजून पाहा. पहाटे ५ ला धार काढायची घंटा हवी कशाला? त्या वेळी गाय स्वतःच हंबरते! ती घंटा रोज झोपेतच बंद केली, की बोटाला तशी सवय लागते. मग कृत्रिम रेतनानंतर २१ व्या दिवशी ‘गाय उलटली का, सोट दिसतो का पाहा’ म्हणून लावलेली घंटाही न वाचताच बंद होते. माज जेमतेम दिवसभर टिकतो. तो हुकला की पुढची संधी थेट तीन आठवड्यांनी, आणि तोवरचा चारा फुकट.

यासाठी दर अमावास्येला नवरा-बायकोने दहा मिनिटे मोबाईल घेऊन बसावे. रोजची जी घंटा बहुतेक वेळा ऐकूनही काही केले नाही, ती पुसावी. पण आधी कारण पाहावे. मोटारीची घंटा दुपारी वाजते आणि वीज रात्री येते, असे असेल तर नुसती वेळ बदलावी. औषधाची घंटा मात्र पुसू नये. माजाची घंटा क्वचितच वाजते, तिलाही हा नियम लावू नका. उलट तिच्यापुढे गाईचे नाव लिहा आणि आवाज निराळा ठेवा.