वीज गेली आणि जुने नंबर परत आले

भिवंडीच्या एका गोदामातून गेलेल्या पेट्या ग्राहकाकडून परत येऊ लागल्या. स्कॅन केलं की तिकडच्या संगणकावर ‘हा माल आधीच मिळाला आहे’ असं यायचं. एका नंबरची एकच पेटी असायला हवी, इथे दोन-दोन निघत होत्या. सोमवारी रात्री वीज गेली, यूपीएसनेही दगा दिला आणि मंगळवारपासून हा घोळ सुरू झाला, एवढं मॅनेजरला पक्कं ठाऊक होतं.

डेव्हलपरचा पहिला संशय प्रिंटरवर गेला. छपाई मध्येच अडली की काही प्रिंटर शेवटचं लेबल पुन्हा काढतात. मॅनेजरने दोन लेबलं शेजारी ठेवली. नंबर एकच, ४८१७१. पण एकावर बेअरिंग, दुसऱ्यावर फिल्टर, आणि तारखाही वेगळ्या. “मॅडम, हे जुनं लेबल पुन्हा निघालेलं नाही. नव्या मालाला जुना नंबर मिळालाय.”

मग नंबर देतं कोण? ते काम डेटाबेसचं होतं, मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीचं. पुन्हा आलेले नंबर ४८१७१ ते ४८२१६ असे सलग होते, त्यापुढचे सगळे नवे. मॅनेजरने गाडीचं चलन काढलं. नेमक्या याच ४६ पेट्या सोमवारी संध्याकाळी तातडीच्या गाडीने गेल्या होत्या. हे ऐकताच डेव्हलपरला धागा सापडला. पेटी गाडीत चढली की तिची नोंद चालू तक्त्यातून काढून जुन्या नोंदींच्या तक्त्यात टाकायची, अशी तिथली पद्धत होती.

या आवृत्तीत पुढचा नंबर फक्त मेमरीत असतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की डेटाबेस चालू तक्त्यातला सर्वांत मोठा नंबर शोधतो आणि त्यात एक मिळवतो:

```
SELECT MAX(id) FROM labels;
```

वीज आली तेव्हा त्या तक्त्यात सर्वांत मोठा नंबर ४८१७० उरला होता. एरवी सर्व्हर महिनोन् महिने बंद होत नसे, म्हणून ही खोट दिसलीच नव्हती. डेव्हलपरने चाचणीच्या संगणकावर शेवटच्या नोंदी काढून सर्व्हर नुसता बंद-चालू केला. वीज न जाताही जुना नंबर आला.

२०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीत हा आकडा डिस्कवर लिहून ठेवला जातो. तरी डेव्हलपर तेवढ्यावर थांबली नाही. तिने नंबरासाठी वेगळा तक्ता केला. आधी तिथला आकडा वाढवून पक्का करायचा, मगच प्रिंटरला हुकूम द्यायचा. मध्येच वीज गेली तर एखादा नंबर वाया जाईल. “चालेल,” मॅनेजर म्हणाले, “गाळलेल्या नंबराचा खुलासा देता येतो. एका नंबरच्या दोन पेट्यांचा काय देणार?”

परत आलेल्या पेट्यांवर नवी लेबलं लावून त्या पुन्हा रवाना झाल्या. तुमच्याकडेही जुनी आवृत्ती चालत असेल आणि चालू तक्त्यातल्या नोंदी हलवल्या जात असतील, तर हीच चाचणी एकदा करून बघा.