रोख नाही, शेअर घ्या

एका छोट्या कारखान्याला यंत्र हवे आहे, पण हातात रोकड नाही. विक्रेता ५० लाख रुपये सांगतो आणि पैशांऐवजी कंपनीचे शेअर घ्यायला तयार होतो. मग वहीत यंत्राची किंमत किती लिहायची? विक्रेत्याने सांगितलेली नव्हे. इंड एएस १०२ या मानकानुसार यंत्राचे रास्त मूल्य धरायचे. ते विश्वासार्हपणे ठरवता येत नसेल, तरच यंत्र ताब्यात आले त्या दिवसाच्या शेअरच्या मूल्यावरून.

समजा, बाजारात तेच यंत्र ४२ लाखांना मिळते आणि शेअरचे मूल्य ६० रुपये आहे. तर ७०,००० शेअर द्यावे लागतील. दर्शनी किंमत १० रुपये असेल तर ७ लाख भागभांडवलात आणि ३५ लाख सिक्युरिटीज प्रीमियम खात्यात जातील. रोकड हललीच नसल्यामुळे रोख प्रवाह पत्रकात हा व्यवहार दिसणार नाही. त्याची माहिती स्वतंत्रपणे द्यावी लागते.

५० लाख धरले असते, तर ८३,००० हून जास्त शेअर गेले असते. जुन्या भागधारकांचा हिस्सा विनाकारण घटला असता आणि फुगवलेल्या किमतीवरचा घसारा दरवर्षी नफा खात राहिला असता. म्हणून मूल्यांकन अहवालात पहिल्यांदा बघावे ते हेच, की तुलनेसाठी दुसऱ्या कुणाचे दरपत्रक जोडले आहे का.