आवाजामागून आवाज

आयईएल्टीएसची तयारी करणाऱ्या मुलामुलींना एक शंका हमखास असते: आपला मराठी वळणाचा उच्चार गुण खाईल का? बोलण्याच्या परीक्षेत परीक्षकाशी ११ ते १४ मिनिटं संवाद होतो आणि चार कसोट्यांवर सारख्याच वजनाने गुण मिळतात. त्यांतली एक उच्चारांची. पण तिथे 'तुम्ही इंग्रजांसारखे बोलता का' हे पाहिलंच जात नाही. ऐकणाऱ्याला कष्ट न पडता कळतं का, जोर योग्य जागी पडतो का, वाक्य अर्थाप्रमाणे तुटतं का, हे पाहिलं जातं. आपण अडखळतो ते इथेच.

एक साधं वाक्य घेऊ: 'आय वॉज सपोज्ड टू मीट अ फ्रेंड ऑफ माइन अ‍ॅट द स्टेशन.' मराठीत जवळपास प्रत्येक अक्षराला आपण त्याचं वजन देतो. त्या सवयीने हे वाक्य बोललं की त्याचे चौदाच्या चौदा तुकडे सारख्याच जोराने पडतात. इंग्रजी माणूस त्यांतल्या पाचांवरच जोर देतो: 'पोज', 'मीट', 'फ्रेंड', 'माइन' आणि 'स्टे'. बाकीचे तुकडे तो आखडून, पुसट करून मधल्या जागेत बसवतो. 'वॉज'चं 'वझ' होतं, 'सपोज्ड टू'चं 'सपोस्ट', 'फ्रेंड ऑफ'चं 'फ्रेंडव'. भजनात टाळ मात्रेवर पडतो आणि मधल्या जागेत शब्द कमी-जास्त असले तरी सामावून जातात, तसंच हे. म्हणून नुसते अवघड शब्द घोकून बोलणं सुधारत नाही. सुधारायची असते ती या छोट्या शब्दांची वागणूक.

शॅडोइंगचा उपयोग नेमका इथे होतो. कानात ध्वनिफीत चालू असताना, ती न थांबवता, बोलणाऱ्याच्या अर्धा-एक सेकंद मागे राहून तेच आपण मोठ्याने बोलत जायचं. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात ही पद्धत वापरली जाते. आधी ऐकून मग म्हणण्यात आणि यात मोठा फरक आहे. वाक्य संपेपर्यंत थांबलात की लक्षात राहतात ते शब्द, आणि ते तुम्ही आपल्याच लयीत म्हणता. मागोमाग बोलताना लय बदलायला सवडच मिळत नाही.

तुकडा ३० ते ४५ सेकंदांचाच घ्यावा आणि त्याचा लिखित मजकूर हाताशी असावा. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम सोयीचा आहे, कारण त्यात गप्पांची भाषा असते आणि मजकूरही मिळतो. बातम्या टाळाव्यात, परीक्षेत कोणी बातम्या वाचत नाही. आधी नुसतं ऐका. मग मजकुरावर जोराच्या जागा पेन्सिलीने अधोरेखित करा. त्यानंतर मजकूर समोर ठेवून पुटपुटत मागोमाग जा, आणि जमू लागलं की कागद उलटा ठेवून मोठ्याने. मागे पडलात तर पुसट शब्द खुशाल गाळा, पण अधोरेखित जागा चुकवू नका. वेग झेपत नसेल तर तुकडा लहान करा. फीत फार हळू केली की तिची लयच बिघडते.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे बोलताना आपल्याला वाटतं, जमतंय. स्वतःचा आवाज आणि कानातला आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून मोबाइलवर फक्त स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि मूळ वाक्याशेजारी ऐका. जोराच्या जागी टेबलावर बोट आपटा. वरच्या वाक्यात पाचऐवजी आठ-दहा ठोके पडले, किंवा तुमचं वाक्य मुळाहून बरंच लांबलं, तर छोटे शब्द अजून फुगलेले आहेत असं समजा.

या सरावाने सुटे ध्वनी मात्र आपोआप सुधारत नाहीत. 'वेट' आणि 'व्हेट' या दोन शब्दांतला फरक कानालाच कळत नसेल, तर मागोमाग बोलूनही तो जिभेवर येणार नाही. पहिल्यासाठी ओठांचा गोल आणि दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर, हे आरशासमोर वेगळं बसवावं लागतं.

दुसरी मर्यादा मोठी आहे: उसनी लय स्वतःच्या वाक्यांत आपोआप उतरत नाही. म्हणून तुकडा बसला की लगेच परीक्षेच्या दुसऱ्या भागातलं एक कार्ड घ्या, एक मिनिट विचार करा आणि त्यावर दोन मिनिटं स्वतःच्या शब्दांत बोला. तेही रेकॉर्ड करून त्याच पद्धतीने बोट आपटत ऐका. तुकड्यातली वाक्यं पाठ करून परीक्षेत वापरू नका. पाठांतर अनुभवी परीक्षकाच्या पटकन लक्षात येतं. आणि रोज नवा तुकडा शोधण्यापेक्षा एकच तुकडा आठवडाभर घ्या.