एफआयआर न झालेली चोरी

पुण्याच्या 2024 मधल्या कल्याणीनगर अपघातानंतर बाल न्याय मंडळ म्हणजे तीनशे शब्दांचा निबंध, अशी समजूत घरोघरी पक्की झाली. ती जामिनाची अट होती आणि गदारोळ झाला तो मृत्यूंच्या प्रकरणावरून. मंडळासमोर येणारी बरीचशी मुलं मात्र मोबाइल, सायकली, मारामाऱ्या अशा प्रकरणांतली असतात. तुर्भ्यातल्या अशाच एका मुलाच्या घरी परिविक्षा अधिकारी बाईंसोबत मी गेले होते. ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे, म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा सोळा वर्षांचा, नववीतून शाळा सुटलेली. बाकावर झोपलेल्या माणसाच्या उशाचा मोबाइल त्याने उचलला, चार दिवस बंद ठेवला आणि मग स्वतःचं सिम घातलं. आयएमईआय नंबरवरून पोलीस थेट दारात आले. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षं शिक्षा आहे, त्यामुळे बाल न्याय कायद्यानुसार हा किरकोळ गुन्हा. तोच मोबाइल दहा पावलांवरच्या मालवाहू टेम्पोतून उचलला असता, तर नव्या संहितेच्या कलम 305 मुळे कमाल शिक्षा 7 वर्षांवर गेली असती आणि प्रकरण ‘किरकोळ’मधून बाहेर पडलं असतं. मुलाला याचा पत्ताच नव्हता, आणि असायचं कारणही नाही.

त्याचं नशीब खरं तर पोलीस ठाण्यातच ठरलं. अशा प्रकरणात गुन्हा क्रूर स्वरूपाचा नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर एफआयआर नोंदवायचा नाही. स्टेशन डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या घरादाराची माहिती लिहून ती मंडळाकडे पाठवायची. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने साध्या कपड्यांत बोलायचं. बेड्या नाहीत, कोठडी नाही. अडतं ते फिर्यादीपाशी. “एफआयआर नाही म्हणजे तुम्ही दाबताय,” असं या मोबाइलवाल्यानेही सुनावलं होतं. ठाणे अंमलदार अशा वेळी कंटाळून एफआयआर नोंदवून टाकतो, तेव्हा मुलाची पहिली वळणवाट तिथेच बंद होते. इथे अंमलदाराने धीर धरला.

मग आली घरभेट. सामाजिक तपासणी अहवालाला कायद्याने दोन आठवडे दिलेत. बाई मुद्दाम संध्याकाळी सातनंतर गेल्या, कारण आई एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये कांदा निवडायला जाते आणि दिवसा घराला कुलूप असतं. दिवसा जाऊन ‘पालक अनुपस्थित’ लिहिलेले अहवाल मी पाहिलेत. बाईंनी चोरीचा विषय शेवटी काढला. आधी विचारलं, “सकाळी उठवतं कोण?” कोणीच नाही. आई पहाटे चारला बाहेर पडते. “ताई, मी त्याला मारलं असतं तर सुधारला असता का?” आईने विचारलं. बाई उत्तर न देता लिहीत राहिल्या. शेजारच्यांकडे चौकशी करायची असते, पण त्या चौकशीतूनच गल्लीला बातमी लागते. म्हणून बाईंनी ‘शाळेच्या सर्व्हेला आलोय’ असं सांगितलं. मला ते खटकलं, पण दुसरा मार्ग मलाही सुचत नाही.

तारीख लागली भिवंडीला. ट्रान्स-हार्बरने ठाणे, पुढे बस आणि रिक्षा. आईची एका दिवसाची मजुरी बुडाली. मंडळाच्या खोलीत उंच चौथरा नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक सदस्य बसतात. चौकशीअंती आदेश झाला: समज, आई-मुलाचं समुपदेशन, गटसमुपदेशन आणि वाचनालयात देखरेखीखाली सेवा. पुढच्या तारखांना आई गैरहजर राहिली, तर अहवालात ती ‘बेफिकीर’ ठरते. ती बेफिकीर नसते, तिचा खाडा परवडत नसतो. किरकोळ प्रकरणाची चौकशी चार महिन्यांत, वाढीव मुदत धरून सहा महिन्यांत पुरी झाली नाही, तर कायद्याने ती आपोआप संपते. मुलाची सुटका होते खरी, पण त्याच्याशी कोणी बोललेलं नसतं.

समाजसेवा नुसती कागदावरच झाली, हे ओळखणं सोपं आहे. हजेरीपत्रकावर सगळ्या रविवारच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने केलेल्या दिसतात. दुसरा प्रकार त्याहून वाईट, हातात झाडू देऊन फोटो काढायचा. आमच्या मुलाच्या कागदावर मात्र सह्यांबरोबर एक नोंद होती: ‘दुपारी निघून गेला, चार वाजता परत आला.’ बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली. म्हणाल्या, “हे खरं पत्रक.”

अशा मुलाला दोषी धरलं गेलं, तरी कलम 24 नुसार पुढे नोकरीत त्याची अपात्रता लागत नाही. खरी अडचण जागेची आहे. मंडळ आदेश देतं, पण मुलाला ठेवून घेणारी आणि खरी हजेरी लिहिणारी वाचनालयं, वृद्धाश्रम, रुग्णालयं हाताशी नसतात. नवी मुंबईत तुमची संस्था असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे तिचं नाव कळवा, आणि मुलगा आला की त्याने काय केलं होतं हे विचारू नका.