सोमवार, मंगळवार आणि खर्चाची स्लाइड

इन्स्टाग्रामवर ‘तीन दिवसांत अमुक शहर’ अशा स्लाइडमाला सगळ्यांनीच पाहिल्या असतील. एक बोट सरकवलं की पहिला दिवस, आणखी एकदा सरकवलं की दुसरा, आणि शेवटी खर्च. छत्रपती संभाजीनगरसाठी मी अशी पहिली माला केली, तेव्हा पहिल्या दिवशी वेरूळ, दुसऱ्या दिवशी अजिंठा आणि तिसऱ्या दिवशी शहर, असा क्रम लावला होता. चित्रं छान होती. पण वार कुठेच लिहिले नव्हते. एक कुटुंब ती माला जपून ठेवून रविवारी तिथे पोचलं आणि माझ्याच क्रमाने सोमवारी अजिंठ्याच्या वाटेला लागलं. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. शंभर किलोमीटर जाऊन त्यांना परत फिरावं लागलं, याची बोचणी मला अजून आहे.

तेव्हापासून मी आधी वार मांडते, मग ठिकाणं. शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस हाताशी असतील तर शुक्रवारी बीबी का मकबरा आणि पाणचक्की, कारण प्रवासाच्या थकव्यानंतर शहरातच राहणं बरं. शनिवारी अजिंठा आणि रविवारी वेरूळ. सुट्टी शनिवार ते सोमवार असेल तर शनिवारी अजिंठा, रविवारी वेरूळ आणि सोमवारी शहर. ‘दिवस १’ एवढंच न लिहिता ‘दिवस १, शुक्रवार’ असं लिहिलं की निम्मा घोटाळा टळतो.

दिवसाच्या आतला क्रमही जागेवरूनच ठरतो. वेरूळच्या दिवशी आधी दौलताबादचा किल्ला घ्यावा, तो वाटेवरच आहे. त्याची चढण दमवणारी, आणि वाटेत अंधारी नावाचा काळोखा बोगदा लागतो, म्हणून ऊन चढायच्या आत वर जाऊन यावं. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपारनंतरचा उजेड त्यांच्यावर येतो. तिथे चौतीस लेणी आहेत. सगळी धावत पाहण्यापेक्षा सोळावं, म्हणजे कैलास, सावकाश पाहा, असं मी त्या स्लाइडवर स्पष्ट लिहिते.

अजिंठ्यासाठी एक टीप विसरून चालत नाही. खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. ती चार किलोमीटर अलीकडे फाट्यावर ठेवावी लागते आणि तिथून बसने पुढे जावं लागतं. त्यात वेळ जातो आणि बसचं तिकीट वेगळं. गाडी नसेल तर जळगावकडे जाणारी एसटीही याच फाट्यावर सोडते. आत चित्रांवर फ्लॅश चालत नाही.

खर्चाच्या स्लाइडवर ‘रोज तीन हजार’ असा एक आकडा टाकला की तो कोणासाठीच खरा नसतो, कारण काही खर्च माणसागणिक वाढतो, तर काही वाटला जातो. अजिंठ्याच्या दिवसाचा एक हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे भाव विचारून घ्या. दिवसभराची गाडी ४,००० रुपये, दोघांची खोली २,००० रुपये. जेवण माणशी ६०० आणि तिकिटं, बस मिळून माणशी १००. दोघं असतील तर प्रत्येकी गाडीचे २,०००, खोलीचे १,०००, जेवण-तिकिटांचे ७००, म्हणजे ३,७००. चौघं गेले तर दोन खोल्या घ्याव्या लागतात, म्हणून खोलीचा वाटा १,०००च राहतो, पण गाडीचा १,००० वर येतो आणि बेरीज २,७०० होते. फरक पूर्णपणे गाडीचा. म्हणून मी त्या स्लाइडवर दोन रकाने करते, ‘दोघं’ आणि ‘चौघं’, आणि गाडीची ओळ सगळ्यात वर ठेवते. शहराच्या दिवशी ही ओळ रिक्षाच्या भाड्याएवढी लहान होते, त्यामुळे तिन्ही दिवसांचा खर्च सारखा दाखवणं चूकच.

ही स्लाइड लोक बहुतेक वेळा एकटीच स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकतात. बाकीची माला सोबत जात नाही. तेव्हा गावाचं नाव, माणसांची संख्या, भाव कोणत्या महिन्यातले आणि ‘गावापर्यंतचं भाडं यात नाही’ ही सूचना, हे सारं तिच्यावरच हवं. अक्षर मोठं ठेवावं. साठीतल्या आत्यांना ते चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे, म्हणून ओळी सहा-सातांपलीकडे नेऊ नयेत. एकदा टाकलेल्या स्लाइडवरचं चित्र नंतर बदलता येत नाही, खालचा मजकूर मात्र बदलता येतो. म्हणून तिकिटाचे नेमके दर मी खालच्या मजकुरात लिहिते, आणि लेण्यांचे बंद वार मात्र स्लाइडवर, पहिल्याच ओळीत.