वीस रुपयांची साखर आणि बिलिंग सॉफ्टवेअर

बिलिंग सॉफ्टवेअर विकायला येणारा माणूस लॅपटॉपवर आधी रंगीत आलेख दाखवतो: आजची विक्री, महिन्याचा नफा, सगळ्यात जास्त खपलेला माल. किराणा दुकानदाराने त्याला तिथेच थांबवावं आणि म्हणावं, "वीस रुपयांच्या साखरेचं बिल करून दाखवा." साखर ४४ रुपये किलो असेल, तर वीस रुपये टाकल्यावर वजन, म्हणजे ०.४५५ किलो, सॉफ्टवेअरने स्वतः काढायला हवं. जिथे आधी वजनच टाकावं लागतं आणि तेही दोनच दशांश स्थळांपर्यंत, तिथे ०.४५ किलोचे १९.८० रुपये होतात आणि काउंटरवरचा मुलगा कॅल्क्युलेटर शोधू लागतो.

तेवढ्यात गिऱ्हाईक "थांबा हो, पोहे राहिले" म्हणत आत वळतं, मागे तिघं उभे असतात. अर्धं बिल बाजूला ठेवून पुढच्याचं करता येतं का? माउसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर? ही परीक्षा मालकाने घेऊ नये. संध्याकाळी गल्ल्यावर जो बसतो, त्याच्या हातात चाचणीची आवृत्ती द्यावी आणि आपण बाजूला उभं राहावं. वापरायला सोपं आहे की नाही, हे त्याची बोटं सांगतील.

दुसरी परीक्षा कराची. २२ सप्टेंबर २०२५ ला अंघोळीच्या साबणाच्या वड्या, शाम्पू, केसांचं तेल यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. असा बदल अशा सगळ्या वड्यांना एकदम लावता आला पाहिजे, नाहीतर रात्रभर एकेक वस्तू उघडत बसायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर बदलल्यावर ऑगस्टचं जुनं बिल उघडून पाहा. तिथे १८ टक्केच दिसायला हवेत. तिथेही ५ दिसले, तर ते सॉफ्टवेअर जुनी बिलं नव्या दराने दाखवतंय, आणि भरलेल्या विवरणपत्राशी त्याचा मेळ बसणार नाही. कंपोझिशन योजनेत असाल, तर टॅक्स इन्व्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय छापलं जातं का, तेही तपासा.

किंमत पहिल्या वर्षाची पाहू नये, पाच वर्षांची पाहावी. समजा, एक सॉफ्टवेअर वर्षाला ३,००० रुपयांना मिळतं आणि दुसऱ्या काउंटरचे वर्षाला १,५०० वेगळे पडतात. पाच वर्षांत २२,५०० झाले. दुसरं एकदाच १२,००० ला मिळतं, दोन्ही काउंटर त्यातच आहेत आणि दुसऱ्या वर्षापासून अपडेटचे २,००० द्यायचे. पाच वर्षांत २०,०००. आधी महाग वाटलेलं इथे स्वस्त निघालं. यावर १८ टक्के जीएसटी असतो आणि कंपोझिशनवाल्याला त्याचा परतावा मिळत नाही, म्हणून तोही धरावा.

माझ्या मते खरा निर्णय मात्र चौथ्या परीक्षेवर करावा: उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं झालं, तर आपला माल आणि आपली उधारी आपल्या हाती येते का? "बॅकअप आहे की" या उत्तरावर समाधान मानू नका. बॅकअपची फाइल बहुधा त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. पीडीएफ वाचता येते, पण तिच्यावरून दुसरीकडे माहिती चढवणं कठीण. आपल्याला हवी एक्सेलची किंवा सीएसव्ही फाइल.

चाचणीच्या काळात वीसेक वस्तू, दोन उधारीची गिऱ्हाइकं आणि चार बिलं भरा, फाइल काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. मराठीत लिहिलेलं "तूरडाळ" विचित्र चिन्हांत दिसलं, तर फाइल युनिकोडमध्ये नीट उघडलेली नाही. बारकोडच्या रकान्यात 8.90123E+12 असं काही दिसलं, तर एक्सेलने तेरा अंकी बारकोड आखडून दाखवलाय. फाइल तशीच सीएसव्ही म्हणून जतन केली की शेवटचे अंक गेलेच. तो रकाना मजकूर म्हणून घेतला की अंक शाबूत राहतात. दोष सॉफ्टवेअरचा नसतो, पण माहीत नसेल तर बाराशे वस्तू पुन्हा स्कॅन कराव्या लागतात.

मग उधारी पाहा. एखाद्या गिऱ्हाइकाकडे १,८४० येणं असेल, तर फाइलमध्ये नुसता तो आकडा आहे, की कुठल्या तारखेला काय नेलं आणि किती जमा केले हेही आहे? नुसत्या आकड्यावर गिऱ्हाइकाशी हिशेब मिटत नाही.

शेवटचा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा: वर्गणी संपल्यावर जुनी बिलं पाहता आणि काढता येतात का? जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, आणि तेवढा काळ एकाच सॉफ्टवेअरमध्ये कोण राहील सांगता येत नाही. बदल करायचाच झाला तर १ एप्रिल बरा. बिलांची नवी क्रममालिका तेव्हा सुरू करता येते, आणि जुन्यातून फक्त ३१ मार्चचा शिल्लक माल आणि येणं-देणं पुढे आणावं लागतं.